कारण, पण, म्हणून : परिच्छेदातून निबंधाकडे

‘उन्हाळ्यात आपली शाळा सकाळची असावी का?’ हा विषय इयत्ता नववीच्या वर्गाला दिला, की बहुतेक वह्यांत साधारण असा मजकूर येतो : ‘उन्हाळ्यात शाळा सकाळची असावी. उन्हाळ्यात खूप ऊन असते. उन्हामुळे मुलांना त्रास होतो. मुले आजारी पडतात. सकाळची हवा थंड व आल्हाददायक असते. म्हणून शाळा सकाळची असावी. आरोग्य हीच खरी संपत्ती आहे.’ वाक्ये पूर्ण आहेत, विषय सुटलेला नाही. शिक्षक बरे गुण देतात आणि खाली शेरा लिहितात, ‘विस्तार करा.’

मूल मग विस्तार करते. सूर्य आग ओकू लागतो, झाडांची पाने कोमेजतात, एक सुविचार सुरुवातीला आणि एक शेवटी येतो. मजकूर दुप्पट होतो. पण ज्या मुख्याध्यापकांना सकाळची शाळा नको आहे, त्यांचे मत बदलावे असे त्यात काहीच वाढलेले नसते. परिच्छेदाचा निबंध करायचा म्हणजे लांबी वाढवायची, असा समज शेऱ्यातूनच मुलाकडे गेलेला असतो.

कार्ल बेराइटर आणि मार्लिन स्कार्डमालिया या संशोधकांनी १९८७च्या त्यांच्या पुस्तकात लिहिण्याच्या दोन पद्धती वेगळ्या करून दाखवल्या. नवशिका लेखक विषय वाचतो, त्यावर जे आठवेल ते लिहितो, लिहिलेल्या वाक्यावरून पुढचे आठवते, तेही लिहितो आणि आठवणे संपले की थांबतो. मुरलेला लेखक लिहिता लिहिता आपल्याच म्हणण्याशी झगडतो. हे वाक्य टिकेल का, वाचणारा इथे काय विचारेल, माझे मतच थोडे बदलायला हवे का, हे प्रश्न त्याच्या मनात सतत चालू असतात. वरचा परिच्छेद पहिल्या पद्धतीचा आहे. ‘विस्तार करा’ म्हटल्याने मूल पहिल्या पद्धतीनेच आणखी लिहिते. दुसऱ्या पद्धतीकडे न्यायचे असेल, तर ते प्रश्न आधी बाहेरून, एकेक करून, हातात द्यावे लागतात. वाक्यारंभांच्या पट्ट्या त्यासाठी असतात.

या मदतीला शिक्षणशास्त्रात परांची म्हणतात. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीन, चार आणि पाच वर्षांच्या मुलांना एकमेकांत बसणारे लाकडी ठोकळे देऊन त्यांचा पिरॅमिड रचायला सांगितले होते आणि शेजारी बसलेली शिक्षिका मुलाला जमेल तेवढे करू देई, अडेल तिथेच हात देई. त्या मदतीला त्यांनी परांचीचे नाव दिले. इमारतीची परांची बांधतानाच ती उतरवायची हे ठरलेले असते. वर्गात मात्र बांधणे होते, उतरवणे राहून जाते. म्हणून प्रत्येक टप्प्यात मदत कोणती आणि ती कधी काढायची, या दोन्हींचा विचार बरोबरच करायला हवा.

सुरुवात परिच्छेदाच्याही आधी, एका वाक्यापासून करावी. फळ्यावर एकच विधान लिहावे : ‘दुपारच्या तासांना आमच्या वर्गात बसवत नाही.’ ते तीनदा पूर्ण करायचे. एकदा ‘कारण’ जोडून, एकदा ‘पण’ जोडून, एकदा ‘म्हणून’ जोडून. अमेरिकेत ज्युडिथ हॉकमन यांनी लेखनशिक्षणाच्या त्यांच्या पद्धतीत हाच सराव अगदी पायाशी ठेवला आहे आणि मराठीत तो जसाच्या तसा चालतो. ‘कारण’पुढे मुले सहज लिहितात : ‘कारण छत पत्र्याचे आहे.’ ‘म्हणून’पुढेही अडत नाहीत. ‘पण’पुढे मात्र पेन थांबते. ‘दुपारच्या तासांना बसवत नाही, पण…’ याच्यापुढे काहीतरी उलट जाणारे हवे असते, आणि आपल्याच वाक्याच्या उलट जाणारे शोधायची सवय मुलांना नसते. पुष्कळ जण ‘पण आम्ही तरी बसतो’ असे लिहून सुटका करून घेतात. थोडा वेळ दिला की कुणीतरी लिहिते, ‘पण सकाळी सातला वाडीवरून गाडीच नसते.’ त्या एका वाक्यात पुढच्या निबंधाचा चौथा परिच्छेद दडलेला आहे. शिक्षकाने ते वाक्य वहीत वेगळे टिपून ठेवावे.

इथे आणखी एक तपासणी शिकवता येते. मुलाने ‘म्हणून’ वापरले असेल तिथे ‘आणि’ घालून वाचायचे. ‘छत पत्र्याचे आहे आणि दुपारी उकडते’ असे म्हटल्यावर काहीतरी हरवले असे वाटले, तर ‘म्हणून’ बरोबर होते. काहीच हरवले नाही, तर त्या दोन गोष्टींत कार्यकारणाचा धागा नव्हताच, शब्द नुसता डकवलेला होता. नववीतली मुले ही तपासणी एकमेकांच्या वहीवर आवडीने करतात.

वाक्य जमले की परिच्छेद. या टप्प्यावर मी सर्वांत जास्त दिवस घालवायला सांगेन, कारण निबंधात जे बिघडते ते बहुधा इथेच बिघडलेले असते. मतप्रदर्शनाच्या परिच्छेदाला चार कामे करावी लागतात. आपले म्हणणे मांडायचे, त्याचे कारण द्यायचे, कारणाला पुरावा द्यायचा आणि पुराव्यावरून आपले म्हणणे कसे सिद्ध होते ते उघड सांगायचे. पहिली दोन कामे मुले करतात. तिसरे अर्धवट होते. चौथे जवळजवळ कुणी करत नाही.

आपल्याकडच्या न्यायदर्शनाने हे चौथे काम फार पूर्वी वेगळे काढून त्याला नाव दिले आहे. न्यायसूत्रांत अनुमान दुसऱ्याला पटवून देण्याचे पाच अवयव सांगितले आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. नेहमीचा दाखला डोंगरावरच्या आगीचा आहे. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर दिसतो, हा हेतू. जिथे धूर असतो तिथे आग असते, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरचा धूर तसाच आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर आग आहे, हे निगमन. शाळकरी परिच्छेदात उपनय गळतो. मूल प्रतिज्ञेवरून हेतूवर येते आणि तिथून थेट ‘म्हणून’वर उडी मारते. इंग्लंडचे तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८मध्ये युक्तिवादाची जी मांडणी केली, तिच्यातही पुरावा आणि दावा यांना जोडणारा दुवा असाच स्वतंत्र दाखवला आहे. तो दुवा बोलताना न सांगता चालून जातो, लिहिताना सांगावा लागतो.

म्हणून परिच्छेदाच्या पट्ट्यांवर वाक्यारंभ असे द्यावेत : ‘माझे म्हणणे असे की…’, ‘याचे मुख्य कारण…’, ‘आम्ही … पाहिले, तेव्हा असे आढळले की…’, ‘यावरून … असे म्हणता येते, कारण…’. शेवटच्या पट्टीत ‘यावरून’ नंतर पुन्हा ‘कारण’ मुद्दाम ठेवले आहे. तिथे मुलाला दुवा लिहावाच लागतो.

पट्ट्या तयार करताना मराठी वाक्याची एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. आपले वाक्य क्रियापदावर संपते आणि बोलणारा किती ठाम आहे ते बहुधा तिथेच कळते. ‘असे मला वाटते’, ‘असे दिसते’, ‘असे म्हणता येईल’, ‘असे सिद्ध होते’, ‘असे म्हणता येत नाही’ ही सारी शेपटे आहेत. इंग्रजी शाळांतल्या तक्त्यांवरून नुसते वाक्यारंभ उचलून मराठीत आणले, तर सुरुवात झोकात होते आणि शेवटी मूल ‘आहे’ लिहून मोकळे होते. आपल्या वर्गात आरंभ आणि शेवट दोन्ही छापलेले, मधली जागा मोकळी, अशी चौकट द्यावी. ‘जरी … तरी …’ ही जोडी तर मराठीची फार मोठी सोय आहे. समोरच्याचे मान्य करणे आणि आपले सोडून न देणे, ही दोन्ही कामे ती एकाच वाक्यात करून घेते.

पट्ट्या हातात देण्यापूर्वी एक परिच्छेद सर्वांनी मिळून फळ्यावर लिहावा. सिडनीच्या शाळांत १९८०च्या दशकात लेखनप्रकार शिकवण्याची जी पद्धत घडली, तिचा क्रम असाच आहे : आधी तयार नमुना उलगडून पाहायचा, मग वर्गाने मिळून लिहायचे, मग एकट्याने. मधली पायरी वेळ खाते म्हणून गाळली जाते. नमुना वाचून दाखवला आणि ‘आता तुम्ही लिहा’ म्हटले, की मुले नमुन्यातले शब्द घेतात, त्यामागचा विचार घेत नाहीत. फळ्यावर मिळून लिहिताना तो विचार त्यांच्यादेखत होतो.

आता आपल्याच विषयावर हे करून पाहू. समजा, शाळेची खोली पत्र्याच्या छताची आहे आणि वर्गाने ठरवले, की आठवडाभर भिंतीवर तापमापक टांगायचा, सकाळी आठ आणि दुपारी दोन वाजता नोंद करायची. शिवाय रोज शेवटच्या तासाला गणिताची पाच उदाहरणे द्यायची आणि किती जणांनी पुरी केली ते मोजायचे. आठवड्याअखेर फळ्यावर परिच्छेद उभा राहतो :

‘मार्च-एप्रिलमध्ये आमची शाळा सकाळची असावी. दुपारच्या तासांना आमच्या वर्गात नीट अभ्यास होत नाही, हे त्याचे मुख्य कारण आहे. आम्ही सोमवार ते शुक्रवार तापमान नोंदवले, तेव्हा सकाळी आठला २६ ते २८ आणि दुपारी दोनला ३७ ते ३९ अंश आढळले. शेवटच्या तासाला दिलेली पाच उदाहरणे रोज निम्म्याहून अधिक मुलांनी अपुरी सोडली. यावरून उकाड्यामुळे आमचे लक्ष लागत नाही, असे सिद्ध होते.’

पहिल्या परिच्छेदापेक्षा हा कितीतरी पुढचा आहे. आकडे आहेत, ते कुठून आले ते सांगितले आहे. आता शिक्षकाने शेवटच्या वाक्यावर बोट ठेवावे आणि विचारावे, ‘उदाहरणे अपुरी राहिली ती उकाड्यामुळेच, हे कशावरून?’ वर्ग थोडा वेळ गप्प बसतो. मग कुणी म्हणते, उदाहरणे अवघड असतील. कुणी म्हणते, शेवटचा तास होता, घरी जायची घाई असते. कुणी म्हणते, मधल्या सुट्टीत खेळून दमलो होतो. तिन्ही हरकती रास्त आहेत. त्या खोडायच्या असतील तर तशाच अवघड पाच उदाहरणांची नोंद सकाळी, पहिल्या तासालाही घ्यायला हवी. पुढच्या आठवड्यात ती घेतली आणि सकाळी बहुतेकांनी उदाहरणे पुरी केली, असे समजू. तरीसुद्धा थकव्याची हरकत उरतेच, कारण सकाळी मुले ताजीतवानी असतात. तेव्हा शेवटच्या वाक्याच्या जागी असे येते :

‘तेवढीच अवघड उदाहरणे पहिल्या तासाला बहुतेकांनी पुरी केली. यावरून अडचण उदाहरणांची नाही, वेळेची आहे असे दिसते. दुपारचा उकाडा आणि दिवसभराचा थकवा यांपैकी कशाचा वाटा किती, ते आम्हाला वेगळे करता आले नाही. पण शाळा सकाळची झाली तर दोन्ही टळतात.’

‘सिद्ध होते’च्या जागी ‘दिसते’ आले. हा बदल मुलाने समजून केला, तर त्या आठवड्यात खूप शिकणे झाले असे मी मानतो. दाव्याची धार पुराव्याइतकीच ठेवायची, हे सांगून शिकवता येत नाही. आपल्याच परिच्छेदात ‘सिद्ध’ हा शब्द टिकत नाही, हे मुलाने डोळ्यांनी पाहावे लागते.

असे तीनचार परिच्छेद वेगवेगळ्या विषयांवर झाले, की पट्ट्या कमी करायला लागावे. आधी छापील वाक्यारंभ काढून समासात फक्त कामाचे नाव ठेवायचे : म्हणणे, कारण, पुरावा, दुवा. पुढच्या वेळी समासही कोरा. इथे काही मुले घसरतात आणि पुन्हा जुन्या पद्धतीने लिहू लागतात. त्यांना एखादीच पट्टी परत द्यावी, आणि ती बहुधा दुव्याचीच असते. सगळ्या वर्गाच्या पट्ट्या एकाच दिवशी काढायचा आग्रह धरू नये.

दोन परिच्छेदांचा टप्पा लहान आहे, पण गाळू नये. सकाळच्या शाळेचे दुसरे कारण घेऊ : दुपारी भर उन्हात दोन-तीन किलोमीटर चालत घरी जावे लागते. दोन्ही कारणांचे परिच्छेद तयार असले, की प्रश्न उरतो, आधी कोणता? मुले ‘पहिले कारण’, ‘दुसरे कारण’ असे क्रमांक घालतात आणि क्रम कसाही लागतो. इथे ‘याहूनही महत्त्वाचे म्हणजे…’ ही पट्टी द्यावी, कारण ती वापरण्यासाठी कोणते कारण अधिक वजनाचे ते ठरवावे लागते. वजन वाचणाऱ्यावर अवलंबून असते. मुख्याध्यापकांना अभ्यासाचे कारण अधिक भिडेल, पालकांना उन्हातल्या चालण्याचे. म्हणजे निबंध कुणाला उद्देशून आहे, हे याच टप्प्यावर ठरते. आपण मुख्याध्यापकांना उद्देशून लिहितो आहोत असे धरू आणि उन्हातले चालणे आधी, अभ्यास नंतर असा चढता क्रम ठेवू.

आता निबंधाला निबंधपण देणारा भाग येतो, विरोधी बाजू. जुन्या शास्त्रचर्चेत स्वतःचे मत मांडण्याआधी पूर्वपक्ष मांडायची शिस्त होती. समोरच्याचे म्हणणे त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी लिहायचे, मग त्याला उत्तरपक्ष, मग सिद्धांत. शालेय निबंधात विरोधी बाजू येते ती अशी : ‘काही मुलांना सकाळी लवकर उठायचा कंटाळा येतो, पण आळस हा माणसाचा शत्रू आहे.’ हा पूर्वपक्ष मुलाने स्वतःच्या सोयीने घडवलेला आहे, एका फुंकरीत उडून जाईल असा. वाक्यारंभाची पट्टी इथे कामाला येत नाही. ‘काही जण म्हणतील की…’ ही पट्टी या मुलाने नियमाप्रमाणे वापरलीच आहे.

इथे मदत वेगळ्या प्रकारची लागते. विरोधी परिच्छेद ज्याला खरोखर विरोध आहे त्याच्याकडून लिहून घ्यायचा. सुरुवातीच्या सरावात टिपून ठेवलेले ‘वाडीवरून गाडीच नसते’ हे वाक्य आता काढायचे. वाडीवरून येणाऱ्या मुलांना एकत्र बसवायचे, त्यांना चारही पट्ट्या द्यायच्या आणि सकाळच्या शाळेविरुद्ध परिच्छेद लिहायला सांगायचे. तो असा येऊ शकतो :

‘सकाळी सातची शाळा आम्हाला परवडणार नाही. वाडीवरून येणारी पहिली एसटी पावणेआठला शाळेजवळ पोहोचते, त्याआधी गाडी नाही. आमच्या वर्गात वाडीवरचे अकरा जण आहेत. मार्चमध्ये विहिरीचे पाणी खाली जाते आणि पाणी भरण्याचे काम सकाळी असते. ते बहुतेक मुलींकडे असते. शाळा सातला भरली तर आमचा पहिला तास रोज बुडेल आणि काही मुली येणेच बंद करतील, असे आम्हाला वाटते.’

हा परिच्छेद वर्गात वाचला, की सकाळच्या शाळेची बाजू घेणाऱ्यांची पंचाईत होते. आळसाच्या सुविचाराने याला उत्तर देता येत नाही. प्रत्येकाने आता हे विरोधी म्हणणे आपल्या शब्दांत दोन-तीन वाक्यांत लिहायचे आणि वाडीवरच्या मुलांना दाखवायचे. ‘हो, आम्ही हेच म्हणतोय’ असे त्यांनी म्हटले तरच पुढे जायचे. या एका अटीने पूर्वपक्षाची गुणवत्ता जितकी सुधारते तितकी कोणत्याही पट्टीने सुधारत नाही.

उत्तर देण्याच्या वाटा मुख्यतः तीन. समोरच्याची माहिती चुकीची असेल तर ती दुरुस्त करायची : ‘असे म्हटले जाते, परंतु प्रत्यक्षात…’. माहिती बरोबर पण तिचे वजन कमी असेल तर तसे दाखवायचे : ‘हे जरी खरे असले, तरी…’. आणि म्हणणे बरोबर असून वजनदारही असेल, तर आपली भूमिका बदलायची : ‘ही अडचण मान्य केली, तर आमच्या मागणीत … एवढा बदल करावा लागेल.’ मुले पहिल्या दोन वाटांनी जातात, कारण तिसरीत हरल्यासारखे वाटते. शिक्षकाने तिसरी पट्टी मुद्दाम समोर ठेवावी. वाडीच्या बाबतीत पहिली वाट बंद आहे, कारण एसटीची वेळ खरी आहे. दुसरी घेतली तर अकरा जणांचा पहिला तास बुडणे किरकोळ आहे असे म्हणावे लागेल, आणि तीच मुले समोर बसलेली आहेत. तिसऱ्या वाटेने गेल्यावर मागणी अशी होते :

‘वाडीवरच्या मुलांची अडचण आम्हाला मान्य आहे. म्हणून शाळा सातला न भरता आठला भरावी आणि साडेबाराला सुटावी. आठची वेळ ठेवली तर पहिली एसटी चुकत नाही, आणि आमच्या नोंदींप्रमाणे सर्वाधिक उकाड्याची दुपारची वेळ तरीही टळते. मुलींच्या पाणी भरण्याची अडचण यानेही पूर्ण सुटत नाही, पण सातच्या वेळेपेक्षा त्यांना तासभर अधिक मिळतो.’

सुरुवातीला ‘सकाळची शाळा असावी’ असे मोघम म्हणणारा वर्ग आता ‘आठ ते साडेबारा’ म्हणतो आहे. बेराइटर आणि स्कार्डमालिया ज्याला दुसरी पद्धत म्हणतात, ती इथे दिसते. लिहिण्याने मत घडले. आणि या मागणीला आणखी एक हरकत निघू शकते : साडेबाराला सुटून चालत जाणाऱ्यांना ऊन लागणारच. म्हणजे मागणी बदलल्यावर चालण्याचे आधीचे कारण दुबळे झाले. जो मुलगा हे ओळखून त्या परिच्छेदाचे वजन कमी करतो, त्याला युक्तिवाद समजू लागला आहे.

सगळे तुकडे जुळवताना आराखडा कागदाच्या पट्ट्यांवर करावा, वहीत नको. प्रत्येक परिच्छेदाचे एक वाक्य, एका पट्टीवर. चालण्याचे कारण, अभ्यासाचे कारण, वाडीची हरकत, तिला उत्तर, बदललेली मागणी. त्या बाकावर मांडून वरखाली सरकवायच्या आणि फक्त तेवढीच वाक्ये सलग वाचायची. युक्तिवाद त्यातूनच कळायला हवा. आपल्या उदाहरणात तसे वाचल्यावर लगेच लक्षात येते, की चालण्याचे कारण आता सुरुवातीला शोभत नाही. मागणी सकाळी आठची झाल्यावर त्या पट्टीवर ‘दुपारी चार-पाचऐवजी साडेबाराला’ एवढाच फरक उरतो, तोही सुखाचा नाही. मुलांनी ती पट्टी काढून टाकली तर काढू द्यावी. एक कारण नीट पेललेला निबंध, तीन कारणे नुसती मोजणाऱ्या निबंधापेक्षा चांगला. पाच परिच्छेदांचा साचा उपयोगी आहे, पण आकडा पुरा करण्यासाठी लिहिलेला परिच्छेद वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतो.

प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहून घ्यावी. आधी लिहिली की ‘आजच्या विज्ञानयुगात’ पासून सुरुवात होते, कारण पुढे काय येणार ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसते. सगळे हाताशी असताना तीन वाक्ये पुरतात : परिस्थिती काय, वाद कशाचा, माझे म्हणणे काय. ‘आमच्या शाळेच्या पाच खोल्यांना पत्र्याचे छत आहे आणि मार्च लागला की दुपारी तिथे बसवत नाही. शाळा सकाळी सातला भरवावी असे काहींना वाटते, तर बाहेरगावच्या मुलांना ते अशक्य वाटते. शाळा आठ ते साडेबारा ठेवली तर दोघांचीही सोय होऊ शकते, असे मी दाखवणार आहे.’ समारोपाला ‘अशा प्रकारे’ ही पट्टी देऊ नये, तिच्यापुढे मागचेच पुन्हा येते. ‘हे मान्य झाले, तर पहिली गोष्ट करावी लागेल ती म्हणजे…’ ही द्यावी. मग मुलाला शिपायाची वेळ, एसटीच्या आगारप्रमुखांना पत्र, पालकसभेची तारीख अशा खऱ्या गोष्टींचा विचार करावा लागतो.

वह्या तपासणे हा या क्रमातला सर्वांत जड भाग आहे. साठ मुलांचे पाच परिच्छेद कोणताही शिक्षक दर आठवड्याला शब्दशः वाचू शकत नाही, आणि तशी गरजही नाही. परिच्छेदाच्या टप्प्यात फक्त ‘यावरून’चे वाक्य वाचावे आणि त्यावरच शेरा द्यावा. विरोधी बाजूच्या टप्प्यात फक्त पूर्वपक्ष वाचावा. त्या आठवड्यात ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नये. लाल खुणांनी भरलेल्या पानावर मुलाला कोणती खूण विचाराची आणि कोणती वेलांटीची हे वेगळे करता येत नाही, मग ते सोपी तेवढी दुरुस्त करते.

पट्ट्यांवर मुले विसंबून राहिली आहेत का, हे कळायला एक सोपी पद्धत आहे. निबंधातल्या जोडशब्दांवर अंगठा ठेवून वाचायचे : ‘यावरून’, ‘याउलट’, ‘तरीही’, ‘म्हणून’ झाकायचे. उरलेल्या वाक्यांतून तो संबंध तरीही कळत असेल, तर शब्द योग्य जागी आहे. झाकल्यावर दोन वाक्ये एकमेकांची कुणीच लागत नसतील, तर शब्दाने नुसता पूल असल्याचा भास केला होता. ‘दुसऱ्या बाजूला’ असे म्हणून पहिल्याच बाजूचे आणखी एक कारण देणारे परिच्छेद या पद्धतीने लगेच सापडतात. ते वाढू लागले, तर पट्ट्या काढायला उशीर झाला असे समजावे.

विषय माहितीचा नसेल, तर यातली कोणतीही चौकट उभी राहत नाही. तापमापकाऐवजी त्याच वर्गाला ‘अणुऊर्जा : शाप की वरदान’ हा विषय आणि त्याच पट्ट्या दिल्या, तर पुराव्याच्या जागी ‘आम्ही असे पाहिले की अणुऊर्जा धोकादायक असते’ असे वाक्य येईल. म्हणून पहिली फेरी मुलांना स्वतः मोजता, विचारता, पाहता येईल अशाच विषयावर करावी : पाणी, वेळ, रस्ता, मैदान. पुढच्या फेरीत वाचून माहिती मिळवायचा विषय घ्यावा. तिथे पुराव्याची पट्टी बदलते, ‘… यांच्या मते’, ‘… या नोंदीनुसार’ अशी होते, आणि सांगणाऱ्यावर किती विसंबायचे हा नवा प्रश्न उभा राहतो. पहिल्या फेरीत काढून टाकलेल्या पट्ट्यांपैकी एकदोन त्या वेळी पुन्हा हातात द्याव्या लागतात. वर्ग मागे पडला असा त्याचा अर्थ नाही. नव्या मजल्याला परांची पुन्हा बांधावीच लागते.